‘असममित’ हा शब्द अल्कीनला लावला की एक अर्थ आणि कार्बनला लावला की दुसरा?

बारावी_लातूर: लातूरला नीटची तयारी करायलोय, पेपर मराठीतून देणार. परवाच्या टेस्टला प्रश्न होता, असममित अल्कीन ओळखा. मी २-ब्युटीन लिहिलं, कारण त्याला HBr लावलं की २-ब्रोमोब्युटेन होतंय आणि त्यातल्या दुसऱ्या कार्बनला चार बाजूंनी चार वेगळे गट आहेत, म्हणजे तो असममित कार्बन. पण चूक दिलं, उत्तर म्हणे प्रोपीन. आता प्रोपीनपासून २-ब्रोमोप्रोपेन होतंय, त्यात तर असममित कार्बनच नाही. मग ह्या शब्दाचा अर्थ धरायचा तरी काय?

अभ्यासिका_नांदेड: सोपंय भावा. मनातल्या मनात ओझोनोलिसिस करून बघ. दुहेरी बंध तुटतो, दोन्ही कार्बनला एकेक ऑक्सिजन लागतो. २-ब्युटीनचे दोन्ही तुकडे इथॅनल, सारखेच. प्रोपीनचे मिथॅनल आणि इथॅनल, वेगळे, म्हणून ते असममित. आणि एकदा असममित ठरलं की डोळे झाकून मार्कोव्हनिकोव्ह लावायचा, एकच मुख्य उत्पादन येतं.

रसायन_परभणी: पहिलं अर्धं बरोबर आहे, फक्त झिंक विसरू नका, ते नसलं तर तयार झालेलं हायड्रोजन पेरॉक्साइड अल्डिहाइडचं पुढं आम्ल करतं. दुसरं अर्धं मात्र चुकलंय. २-पेंटीन घ्या, CH3-CH=CH-CH2-CH3. ओझोनने इथॅनल आणि प्रोपॅनल, तुकडे वेगळे, म्हणजे असममितच. पण दुहेरी बंधाच्या दोन्ही कार्बनवर हायड्रोजन एकेकच आहे. H+ कुठंही बसला तरी कार्बोकॅटायन द्वितीयकच होतो, मग नियमाने निवडायचं काय? २-ब्रोमोपेंटेन आणि ३-ब्रोमोपेंटेन दोन्ही मिळतात. प्रोपीनमध्ये H+ टोकाच्या CH2 वर बसला तर मधल्या कार्बनवर धनभार येतो, त्याला दोन्ही बाजूंनी मिथिलचा आधार असतो, उलट बसला तर धनभार टोकावर एकटा पडतो. म्हणून २-ब्रोमोप्रोपेन.

आणि बाळा, तुझा गोंधळ खरा आहे, तुझी चूक मला अभ्यासातली वाटत नाही, शब्दातली वाटते. इंग्रजीत अल्कीनसाठी अनसिमेट्रिकल आणि कार्बनसाठी एसिमेट्रिक असे दोन शब्द आहेत, आपल्याकडं दोन्हीला असममितच म्हणतेत. अल्कीनच्या वेळी दुहेरी बंधाच्या दोन बाजू एकमेकींशी ताडून बघायच्या, कार्बनच्या वेळी एकाच कार्बनचे चार गट. तुझं २-ब्युटीन सममित आहे आणि तरी त्याच्या उत्पादनात असममित कार्बन आहे, ह्यात काहीच विसंगती नाही.

तेलमिल_उदगीर: मॅडम, मी तेलाच्या धंद्यातला माणूस, तेलाचं वनस्पती तूप करताना निकेल टाकून हायड्रोजन सोडतेत, तिथं पण दुहेरी बंधच की. पण कुठला हायड्रोजन कुठल्या कार्बनवर बसला हे कुणी विचारल्याचं मला तरी आठवत नाही. ही सममिती तिथं लागू नाही का?

रसायन_परभणी: काका, तुम्ही विषय वेगळा काढला पण मुद्दा नेमका सापडला. हायड्रोजनचे दोन्ही अर्धे सारखे, उलटा बसवा का सुलटा, उत्पादन तेच. प्रश्न तेव्हाच उभा राहतो जेव्हा अल्कीनही असममित असतं आणि त्याला जोडायची वस्तूही. HBr मध्ये H आणि Br, पाण्यात H आणि OH.

बारावी_लातूर: म्हणजे जलयोजनात पण तसंच? मी जलयोजन आणि जलापघटन एकच समजायलो होतो.

रसायन_परभणी: नाही रे. जलापघटनात पाण्याने रेणू तुटतो, जलयोजनात पाणी दुहेरी बंधावर जोडलं जातं, काहीच बाहेर पडत नाही. विरल सल्फ्युरिक आम्ल असलं की प्रोपीनवर आधी H+ बसतो, मग मधल्या धनभारावर पाणी येतं, शेवटी एक H+ परत सुटतो आणि प्रोपॅन-२-ऑल मिळतं. आता तूच सांग, २-पेंटीनचं काय होईल?

बारावी_लातूर: पेंटॅन-२-ऑल आणि पेंटॅन-३-ऑल, दोन्ही. आणि २-ब्युटीनचं एकच, ब्युटॅन-२-ऑल, कुठूनही जोडलं तरी.

रसायन_परभणी: बरोबर.

शब्दवेडा_बीड: माझं म्हणणं, अल्कीनला ‘विषमबाजू’ म्हणा आणि असममित कार्बनपुरताच ठेवा. ऐकल्याबरोबर कळतं काय ताडायचं ते.

अभ्यासिका_नांदेड: पण पेपरमध्ये छापील शब्दच येणार ना दादा, पोरगं विषमबाजू शिकून गेलं तर असममित बघून परत अडकंल.

शब्दवेडा_बीड: अडकलंच आहे की आत्ता, छापील शब्दानंच.

रसायन_परभणी: मी वर्गात ‘दुहेरी बंधाभोवती असममित’ असं पूर्ण म्हणते, लांबतं, पण अजून तरी त्यावर मुलं चुकली नाहीत. विषमबाजू मला आवडला, फक्त बाजू म्हटलं की सिस-ट्रान्सची बाजू डोळ्यापुढं येईल अशी भीती वाटते.