मदत हवी आहे: चॅटमधलं lol मराठीत कसं आणायचं?

कोरी_पाटी

एका इंग्रजी कथेचा मराठी अनुवाद करते आहे. कथा शिकागोतल्या कॉलेज हॉस्टेलमध्ये घडते आणि जवळजवळ सगळी मोबाइलवरच्या मेसेजेसमधून पुढे जाते. निवेदन जमलं, पण मेसेजेसपाशी गाडी अडली आहे. हा एक तुकडा पाहा:

```
A: ngl i kinda bombed that interview lol
B: nooo ur prob overthinking it
A: idk man. brb mom calling
B: k
```

माझा पहिला खर्डा: "खोटं बोलणार नाही, माझी मुलाखत काहीशी वाईट झाली, हाहाहा." अर्थ बरोबर आहे, पण वाचताना ती मुलगी वेडी वाटते. मुलाखत बिघडल्यावर कोण असं हसतं? lol तसंच ठेवू, गाळू, की दुसरं काही? B हा तिचा मित्र आहे.

सांजवेळ

lol म्हणजे मोठ्याने हसणं, त्यामुळे "हाहाहा" बरोबरच आहे. फार तर "हेहे" करा, जरा हलकं वाटेल.

पत्रावळ

मुळात असले मेसेज अनुवादात घ्यायचेच कशाला? माझी भाची मला "kay krtys" असं लिहिते. "काय करतेस" म्हणायचंय हे कळायला मला दोनदा वाचावं लागतं. मुलांची मराठी अशाने बिघडते, याची मला खरंच काळजी वाटते.

कोरी_पाटी

काका, तुमची काळजी पोचली. पण कथाच मेसेजेसची आहे, ते गाळले तर हातात काहीच उरणार नाही.

उपशीर्षक

मी मालिकांची सबटायटल्स करतो, हा प्रश्न रोजचा आहे. सांजवेळ, कुणी विनोद केला आणि उत्तरात नुसतं lol आलं, तर "हाहा" चालतं. इथे ती हसत नाहीये. कबुली दिल्यावर अवघडलेपणा झाकायला तिने lol लावलंय. जॉन मॅकव्हर्टर या भाषाशास्त्रज्ञांनी २०१३ च्या टेड व्याख्यानात हेच मांडलं होतं, की lol हे आता हसणं राहिलेलं नाही, समोरच्याशी सूर जुळवण्याची खूण झालं आहे.

मी lol काढून वाक्य वाचतो. वाक्य एकदम जड किंवा टोचरं झालं, तर lol ते मऊ करत होतं असं समजायचं. मराठीत हे काम रे, गं, ना, यार करतात. "where are you lol" चं मी "कुठेयस गं" करतो. नुसतं "कुठे आहेस" लिहिलं तर जाब विचारल्यासारखं होतं.

तुमचा तुकडा मी असा करेन:

```
A: खरं सांगू? इंटरव्ह्यूची वाट लावून आले रे
B: नाही गंऽऽ उगाच डोकं खातेयस स्वतःचं
A: काय माहीत यार. थांब आईचा फोन
B: बरं
```

इंग्रजीत A चं स्त्री-पुरुष असणं दिसत नाही, मराठीत "आले" म्हणताच ते उघड होतं. पुढे कथेत ही गोष्ट मुद्दाम लपवली असेल, तर "इंटरव्ह्यूची वाट लागली यार" करा, आणि B च्या तोंडून "गं" आणि "खातेयस" दोन्ही काढा.

कोरी_पाटी

लपवलेलं नाही, त्यामुळे "आले रे" चालेल. पण मूळ मेसेजेसमध्ये कॅपिटल अक्षरंच नाहीत. त्यातला आळशी सूर देवनागरीत कुठून आणू?

उपशीर्षक

क्रियापदातून. "करत आहे" नाही, "करतेय". "केले" नाही, "केलं". फार मोकळं पात्र असेल तर "नाही"चं "नै". पूर्णविरामही सांभाळा. शेवटच्या "k" चं "ठीक आहे." केलं तर B रुसला असं वाटेल. कथेत तो खरंच रुसलेला असेल, तर मात्र तेच ठेवा.

वऱ्हाडची_पोर

"यार" ऐवजी "बे" का नाही? आम्ही नागपुरात मैत्रिणींनाही बे म्हणतो.

उपशीर्षक

"बे" म्हटलं की वाचक थेट नागपुरात पोचतो, आणि पात्रं शिकागोत आहेत. "लय भारी"चंही तेच होतं.

वऱ्हाडची_पोर

मग "यार, वाट लागली" वाचून तो पुण्या-मुंबईत नाही का पोचत? तुम्हाला ते कानाला सवयीचं म्हणून कुठलंच वाटत नाही. आमच्या कानाला ते तिकडचंच लागतं.

उपशीर्षक

हे खरं आहे, आणि माझ्याकडे याचं पक्कं उत्तर नाही. कथेत एखादं पात्र अमेरिकेच्या दुसऱ्या भागातून आलेलं असेल आणि त्याची बोली वेगळी दाखवली असेल, तर तिथे "बे" जरूर वापरून पाहावं.

कोरी_पाटी

आहे, तिची रूममेट टेक्सासची आहे आणि सारखं "y'all" लिहिते. वऱ्हाडची_पोर, तिचे चार-पाच मेसेज इथे टाकले तर तुमच्या बोलीत करून द्याल का? एक अडचण आधीच सांगते. ती "y'all" सगळ्या ग्रुपला म्हणते, आणि "बे" एकट्यादुकट्याला म्हणतात असा माझा समज आहे.

वऱ्हाडची_पोर

टाका. ग्रुपला "काय करून राहिले बे सगळे" असं म्हणतो की आम्ही.