ईशानची सात शब्दांची यादी

ईशानची आई, बी-३०४: कोणी जागं आहे का? ईशानला सात शब्द डिक्शनरीच्या क्रमाने लावायला दिलेत. सगळे सी-ओ-एन-टी ने सुरू होतात. त्याने असं लिहिलंय: कॉन्टॅक्ट, कन्टेन, कन्टेन्ट, कॉन्टेस्ट, कन्ट्रोल, कन्टेन्ट्स, कन्टिन्यू. चुकलंय एवढं कळतंय, पण कुठे ते त्याला पटवता येत नाहीये.

रियाचे बाबा, ए-१०२: आमच्याकडे पण सेम वर्कशीट. रिया पहिलं अक्षर बघते आणि पुढे सरळ देवाच्या भरवशावर 😄

कुलकर्णी काका, बी-७०१: सूनबाई, त्याने अंदाजे लिहिलेलं नाही. अक्षरं मोजा. पहिले पाच शब्द सात-सात अक्षरांचे आहेत आणि शेवटचे दोन आठ-आठ. पोराने आधी लांबीप्रमाणे लावलंय आणि मग त्या दोन गटांत एबीसीडी बरोबर पाळलीय. "छोटा शब्द आधी" हे त्याला कोणी सांगितलं?

ईशानची आई: बरोबर काका! गेल्या वर्षी कार आणि कार्ट शिकवताना कार छोटा म्हणून आधी, असं वर्गात सांगितलं होतं.

कुलकर्णी काका: तिथेच घोळ झाला. कार आधी येतो, कारण सी-ए-आर संपेपर्यंत दोन्ही शब्द सारखेच आहेत आणि मग एकाची अक्षरं संपतात. संपलेला आधी, उरलेला नंतर. पण मध्येच कुठे अक्षर वेगळं निघालं, तर लांबीला काही किंमत नाही.

आता गणिताची चौकटीची वही घ्या. एका चौकटीत एकच अक्षर, आणि सातही शब्द एकाखाली एक. ईशानला उभं वाचायला सांगा. पहिल्या रांगेत सगळे सी, मग सगळे ओ, एन, टी. या चार रांगांवर पेन्सिलने काट मारायची. पाचव्या रांगेत ए, ए, ई, ई, आर, ई, आय असं दिसेल. म्हणजे कन्टिन्यू आय वर सुटला, कन्ट्रोल आर वर सुटला. दोघं शेवटी, आय आधी. कन्टिन्यू एका अक्षराने मोठा असूनही.

सावंत काकू, ए-४०३: उद्या टँकर सकाळी येणार की दुपारी?

सेक्रेटरी: सकाळी ७ ला. काका, चालू द्या.

कुलकर्णी काका: आता ज्यांचं पाचवं अक्षर सारखं, तेवढ्यांचीच सहावी रांग बघायची. ए वाल्यांत सी आणि आय, म्हणून कॉन्टॅक्ट, मग कन्टेन. ई वाल्यांत कन्टेन्ट आणि कन्टेन्ट्सचं सहावं एन, कॉन्टेस्टचं एस. म्हणजे कॉन्टेस्ट त्या दोघांच्या मागे. राहिले कन्टेन्ट आणि कन्टेन्ट्स. सात अक्षरं सारखी, आठव्या चौकटीत एकाकडे एस आणि दुसऱ्याकडे रिकामं. रिकामं आधी.

ईशानची आई: म्हणजे कॉन्टॅक्ट, कन्टेन, कन्टेन्ट, कन्टेन्ट्स, कॉन्टेस्ट, कन्टिन्यू, कन्ट्रोल. त्याला आता आठ अक्षरी कन्टेन्ट्स सात अक्षरी कॉन्टेस्टच्या आधी कसा, हे पटलं. स्वतःच बोट ठेवून दाखवलं.

रियाचे बाबा: रियाचा प्रॉब्लेम वेगळाय. ती बोलून बघते. कॉन्टॅक्टमध्ये "कॉन", कन्टेनमध्ये "कन", म्हणून ते दोन शब्द पहिल्याच अक्षरांत वेगळे आहेत म्हणते.

कुलकर्णी काका: कानाने लावायचंच नाही. शब्द वाचू देऊ नका, अक्षरं म्हणू द्या: "सारखं, सारखं, सारखं, सारखं, सारखं, वेगळं." वेगळं म्हणाली की तिथेच थांबायचं. काही मुलं पुढे बघत राहतात आणि शेवटच्या अक्षरावरून मत बदलतात. वहीच्या वरच्या ओळीत ए ते झेड लिहून ठेवा. एल-एम-एन-ओ-पी मुलं गाण्याच्या चालीत एका दमात म्हणतात, त्यामुळे एम आधी की एन, असं मधूनच विचारलं की अडतात.

देसाई वहिनी, सी-२०५: काका, आणि आइस क्रीमसारखे दोन शब्द असले तर?

कुलकर्णी काका: त्याच्या दोन पद्धती आहेत. मधली जागा मोजायचीच नाही असं ठरवलं, तर आइसबर्ग आधी, कारण चौथं अक्षर बी, आणि आइस क्रीमचं सी. जागा मोजली तर "आइस" तिथे संपला, म्हणून आइस क्रीम आधी. लायब्ररीत आम्ही दुसरी पाळायचो, पुष्कळ डिक्शनऱ्या पहिली पाळतात. चौथीच्या मुलांपुढे हे आत्ता काढू नका.

रियाचे बाबा: तिला समजलंय की नाही ते कसं ओळखायचं?

कुलकर्णी काका: क्रम विचारू नका, "कितव्या अक्षरावर ठरलं?" विचारा. हे चार द्या: इंटरनेट, इंटरव्हल, इंटरनल, इंटरनॅशनल.

रियाचे बाबा: दहा मिनिटं लागली. इंटरनल, इंटरनॅशनल, इंटरनेट, इंटरव्हल. इंटरव्हल सहाव्यावर सुटला, इंटरनेट सातव्यावर, आणि उरलेले दोघं आठव्यावर, एल आणि टी.

कुलकर्णी काका: बरोब्बर. आता झोपवा तिला.