मदत हवी आहे: पहिल्या संक्रांतीला सासूबाईंना काय लिहू?

अबोली_२२: लग्नाला आठ महिने झाले. आम्ही बंगळुरूला, सासूबाई साताऱ्याला एकट्या. सासरे तीन वर्षांपूर्वी गेले. आमचं बोलणं होतं ते नवऱ्याच्या फोनवरून, मी स्वतःहून कधी मेसेज केलेला नाही. काल त्यांचं पार्सल आलं. काळी साडी आणि हलव्याचे दागिने. हलवा त्यांनी घरी केलाय. मी एवढंच लिहिलंय: "ती. आई, मकरसंक्रांतीच्या हार्दिक शुभेच्छा. तिळगूळ घ्या, गोड बोला." फार कोरडं वाटतंय. सोबत हळदीकुंकवाचं एखादं चित्र पाठवू का?

जुनी_वही: "ती." चालणार नाही. तीर्थरूप फक्त स्वतःच्या आईवडिलांना, सासूला तीर्थस्वरूप लिहितात. आणि खाली शि. सा. न. हवंच.

शेगडी: पत्रातला नियम बरोबर आहे, पण व्हॉट्सअ‍ॅपवर तीर्थस्वरूप वाचून त्यांना परकं वाटेल. समोर "अहो आई" म्हणतेस ना? तेच लिही.
हळदीकुंकवाचं चित्र मात्र नको. त्यावर बहुतेक "अखंड सौभाग्यवती भव" असतं. सासरे नाहीत, सणाच्या सकाळी ते त्यांना टोचेल.
आणि हलव्याबद्दल लिही. मी दरवर्षी करते. मंद आचेवर परातीत तीळ, खसखस नाहीतर साबुदाणा घ्यायचा, चमच्याने थोडा थोडा पाक सोडायचा आणि बोटांनी हलवत राहायचं. दोन-तीन दिवस जातात, बोटं पोळतात. एवढं करूनही हवा दमट असली तर काटा येत नाही. तुझ्या हलव्याला काटा आलाय का, नीट बघ.

मिरज_मेल: माझे दागिने मुंबईच्या हवेत दुसऱ्याच दिवशी चिकट झाले होते. फोटो लगेच काढा.

अबोली_२२: आत्ता हातात घेऊन बघितलं. काटा बारीक आहे, दाण्यादाण्यावर. बांगडीच्या गाठीपाशी दोरा दुहेरी घेतलाय. आता असं लिहिलंय:

"अहो आई, नमस्कार करते. दागिने मिळाले. एकेका दाण्याला काटा आलाय, किती दिवस शेगडीपाशी बसला असाल. संक्रांतीला साडी नेसून, दागिने घालून आधी तुम्हाला फोटो पाठवते. पुढच्या वर्षी मला शेजारी बसवून शिकवाल का?"

शेगडी: हेच पाठव. "गोड बोला" काढलंस ते बरं केलंस. तिळगूळ मोठ्यांनी द्यायचा आणि आपण वाकून घ्यायचा.

जुनी_वही: आमच्याकडे सगळेच सगळ्यांना म्हणतात, त्यात काही गैर नाही.

अबोली_२२: अजून एक विचारायचंय. साताऱ्याला गेल्यावर "मला कुंकू तुम्हीच लावा" असं त्यांना म्हणू का?

शेगडी: माझ्या सासूबाईंना मी म्हटलं तेव्हा त्या उठून आत गेल्या. धाकट्या जाऊबाईंनी म्हटलं तर त्यांनी लावलं. मेसेजमध्ये नको, समोर बसून अंदाज घे.

अबोली_२२: पाठवला. तासाभराने उत्तर आलं: "बांगडी सैल होते का? मनगटाचं माप त्याला विचारलं होतं."