करारनामा फोडायला वकील कशाला, एंटर आहे की!

चकली_भाजणी: लिव्ह अँड लायसन्सचा मसुदा सलग सव्वा पान, श्वास घ्यायला जागा नाही. मी 'आणि' दिसेल तिथे एंटर मारला आणि आकडे टाकले. तासाभरात सुटसुटीत २२ कलमं, शब्द एकही बदलला नाही. एवढ्याचे लोक पैसे का घेतात? नमुना बघा:

७(अ) लायसन्सीने फी दरमहा ५ तारखेपर्यंत भरावी,
७(ब) जागा पोटभाड्याने देऊ नये,
७(क) भिंतींना इजा करू नये, तसे न वागल्यास व १५ दिवसांच्या लेखी नोटिशीनंतरही न सुधारल्यास हा करार संपुष्टात येईल.

दस्तलेखक: हे वाचून चहा गार झाला. सलग वाक्यात 'तसे न वागल्यास' हे शेपूट तिन्ही गोष्टींना होतं. तुम्ही ते भिंतीच्या गळ्यात बांधलंत. आता फी थकली तर मालकाने काय करायचं? तुमच्या ७(अ) ला परिणामच नाही. उद्या भाडेकरू म्हणेल, नोटीस फक्त खिळे ठोकल्याबद्दल. शेपूट उचलून स्वतंत्र ठेवा. तिन्ही अटी ७.१ खाली, आणि ७.२ मध्ये लिहा: '७.१ मधील कोणत्याही अटीचा भंग झाल्यास व १५ दिवसांच्या लेखी नोटिशीनंतरही तो दूर न केल्यास'. म्हणजे 'तसे' हा शब्द जाऊन तिथे आकडा आला. खरं काम तेच. फोडण्याआधी 'वरील', 'सदर', 'तसे', 'उपरोक्त' यांच्याखाली पेन्सिल ओढायची आणि प्रत्येकापुढे लिहायचं, हे नेमकं कशाला म्हणतंय. जिथे ठरवता येत नाही, तिथे मसुदा करणाऱ्याला विचारायचं. आपण ठरवायचं नाही.

एफनाइन: एवढा आटापिटा कशाला? वर्डमध्ये ऑटो नंबरिंग लावा, संदर्भ क्रॉस-रेफरन्सने घाला, Ctrl+A, F9. मध्ये कलम घुसवलं तरी सगळे आकडे सरकतात.

दस्तलेखक: सरकतात, हे मान्य. आणि कलम उडवलं तर `Error! Reference source not found.` असं ओरडतं तरी. हाताने टाईप केलेला 'कलम ९' गप्प बसतो आणि भलत्याच कलमाकडे बोट दाखवतो. पण 'वरील' म्हणजे कोणतं, हे F9 ला कुठून कळणार?

अनामत_गेली: माझी अनामत मालकाने रंगकामात खाल्ली. करार नोंदवलेला होता, कलमं व्यवस्थित होती, काय उपयोग झाला?

एफनाइन: वेगळा धागा काढा हो.

अनामत_गेली: का काढू? 'अनामत कलम ९ प्रमाणे परत' असं लिहिलं होतं आणि कलम ९ निघालं पार्किंगचं! छापील नमुन्यात कुणीतरी एक कलम घातलं होतं.

दस्तलेखक: बाई, मग तुमचा धागा हाच.

बाराखडी: मुद्द्याचं कुणी बोलतच नाही. अ, ब, क हा काय क्रम आहे? मराठीत अ, आ, इ आहे, नाहीतर क, ख, ग. ए-बी-सी ची नक्कल चाललीय.

सातबारा: शाळेत त्रिकोण अबक काढलात तेव्हा गप्प होता का?

बाराखडी: चेष्टा करा. हिंदी संविधानात १९(१)(क) म्हणजे भाषणस्वातंत्र्य. अ-ब-क मोजणारा तेच तिसरं समजून संघटना स्थापण्याच्या हक्कावर जाऊन बसतो. एकच अक्षर एकीकडे पहिलं, दुसरीकडे तिसरं!

सातबारा: आमच्या सोसायटीच्या ठरावात अर्धा कागद अ-ब-क आणि अर्धा क-ख-ग होता. '४(क) ची थकबाकी' म्हणजे कोणती, यावर दोन सभा गेल्या. सचिव मीच होतो, हसू नका.

बाराखडी: म्हणजे मी बरोबर.

सातबारा: अर्धे. कुठलीही एक माळ धरा आणि कागदभर तीच ठेवा. नाहीतर ७.१.१ लिहा, अक्षरंच नकोत.

बाराखडी: आकड्यांचा तो रेल्वे टाइमटेबल मला चालणार नाही.

चकली_भाजणी: बरं बाबांनो, शेपटाचं मान्य, महाराज. पण मसुद्यात वकिलाचीही चूक होतीच. 'मुदतीनंतर जागा न सोडल्यास कलम २४ नुसार दुप्पट रक्कम' असं होतं. कलमं २२च आहेत, म्हणून मी २२ केलं.

दस्तलेखक: अरे देवा. ते २४ तुमच्या कराराचं नाही, महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ चं आहे! 'सदर अधिनियमाच्या' हे शब्द पुढेमागे कुठेतरी असतील, तुमच्या एंटरने वेगळ्या ओळीत गेले असतील. बाहेरच्या कायद्याचं कलम असेल तर कायद्याचं नाव प्रत्येक वेळी सोबत लिहायचं, पुन्हा पुन्हा वाटलं तरी. आणि तुमचं २२ काय आहे?

चकली_भाजणी: साक्षीदारांच्या सह्या.

एफनाइन: 😂 F9 दाबा.

चकली_भाजणी: उद्या नोंदणीची वेळ घेतलीय. पेन्सिल शोधतेय.