मदत हवी आहे: पॅरेंट वगळला तरी नळयोजनेतली सायकल डीएफएसला सापडत नाही

मांजराकाठ

नमस्कार. लातूर जिल्ह्यातल्या आमच्या गावच्या नळयोजनेचा नकाशा मी ग्राफ म्हणून मांडत आहे. पाण्याची टाकी आणि व्हॉल्व्हचे चेंबर हे नोड आहेत आणि त्यांना जोडणारे पाइप या एज आहेत. उन्हाळ्यात पाणी पाळीने सोडावे लागते, त्यामुळे एका गल्लीचा व्हॉल्व्ह बंद केला तरी पाणी दुसऱ्या वाटेने फिरून तिथेच येते का, हे मला आधी कळायला हवे. म्हणून जाळ्यात सायकल आहे की नाही, एवढेच सध्या शोधत आहे.

पूर्ण नकाशा ४१ चेंबरचा आहे, पण अडचण दाखवण्यासाठी त्यातले ६ नोड घेतले आहेत. टाकी ० क्रमांकाची असून पाइप ०–१, १–२, १–३, ३–४ आणि ४–५ असे आहेत. यांशिवाय ३ आणि ४ यांच्यामध्ये जुन्या लोखंडी पाइपच्या शेजारून नवा प्लास्टिकचा पाइप टाकलेला आहे, म्हणजे तिथे दोन पाइप आहेत.

```python
for a, b in rows:
    adj[a].add(b)
    adj[b].add(a)

def dfs(u, parent):
    visited[u] = True
    for v in adj[u]:
        if not visited[v]:
            if dfs(v, u):
                return True
        elif v != parent:
            return True
    return False
```

`dfs(0, -1)` चे उत्तर `False` येते. आधी `adj` मध्ये सेटऐवजी लिस्ट होती, तेव्हा दोन चेंबर आणि एकच पाइप दिला तरी `True` येत असे. सेट वापरल्यावर ते थांबले, म्हणून सेट तसाच ठेवला. माझे कुठे चुकत आहे, हे कृपया सांगावे.

गोदाकाठचा

चूक स्पष्ट आहे. आपण पॅरेंट नोड लक्षात ठेवत आहात, पण ज्या पाइपने आलो तो पाइप लक्षात ठेवायला हवा. ४ वर उभे राहिल्यावर ३ कडे जाणारे दोन्ही पाइप `v != parent` या अटीत अडकतात आणि दोन्ही सोडून दिले जातात. प्रत्येक एजला क्रमांक द्या आणि नोडऐवजी क्रमांकाची तुलना करा. पॅरेंट नोडच्या पद्धतीला समांतर एज कधीच दिसत नाहीत.

वेळापत्रकवाला

मीही परभणीत याच प्रश्नाशी झगडलो आहे. आमच्या महाविद्यालयात कोणता विषय कोणत्या विषयाच्या आधी यावा, याचा ग्राफ केला होता आणि हाच कोड वापरला होता. तिथे सायकल नसतानाही `True` येत होते, त्यामुळे हा कोडच भरवशाचा नाही असे माझे मत झाले आहे.

मांजराकाठ

गोदाकाठचा सर, आपण सांगितल्याप्रमाणे सेट काढून लिस्ट घेतली, शीटमधल्या ओळीचा क्रमांक हाच एजचा क्रमांक धरला आणि त्याची तुलना केली. आता पुन्हा प्रत्येक जाळ्याला `True` येत आहे, अगदी एका पाइपलाही. या ६ नोडांच्या शीटमध्ये एकूण १२ ओळी आहेत.

बालाघाट

१२ या आकड्यातच उत्तर आहे. आपले पाइप ६ आहेत, म्हणजे प्रत्येक पाइप दोनदा नोंदला गेला आहे. सर्वेक्षण चेंबरनिहाय झाले असणार: ३ चे झाकण उघडले तेव्हा ४ कडचा पाइप लिहिला, ४ चे उघडले तेव्हा तोच पाइप पुन्हा ३ कडचा म्हणून लिहिला. त्यावर आपला कोड प्रत्येक ओळ दोन्ही बाजूंना जोडतो, त्यामुळे लिस्ट असताना एका पाइपचे दोन पाइप होत होते. सेटने ती खोटी जोडी पुसली, पण तिच्याबरोबर ३–४ ची खरी जोडीही पुसली. ओळीचा क्रमांक एजला दिला तेव्हाही हेच झाले, कारण एकाच पाइपला दोन क्रमांक मिळाले.

गोदाकाठचा यांचे निम्मे म्हणणे बरोबर आहे. ४ वरून पाहताना दोन्ही ३ सुटतात हे खरे, पण तिथे गोष्ट संपत नाही. शीटमध्ये दोन्ही बाजू आधीच आहेत, म्हणून दुसरी `add` ओळ काढून टाका आणि पहिलीत `adj[a].append(b)` एवढेच लिहा. मग `adj[3]` हे `[1, 4, 4]` होईल आणि `adj[4]` हे `[3, 3, 5]` होईल. डीएफएस ० वरून १ वर, २ पाहून परत १ वर, तिथून ३ वर आणि ३ च्या यादीतल्या पहिल्या ४ वर जाते. ४ वर दोन्ही ३ पॅरेंट म्हणून सुटतात, ५ पाहून होतो आणि आपण ३ वर परततो. आता ३ च्या यादीतला दुसरा ४ समोर येतो. त्याला भेट देऊन झाली आहे आणि ३ चा पॅरेंट १ आहे, ४ नाही, म्हणून इथे `True` मिळते. समांतर पाइप खालच्या टोकाला दिसत नाही, पण परतीच्या वाटेवर वरच्या टोकाला दिसतो.

मात्र नोंद दोन्ही टोकांना झालेली असली तरच हे चालते. नवा पाइप फक्त ४ च्या बाजूने लिहिला गेला असेल, तर `adj[3]` मध्ये ४ एकदाच येईल आणि टाकीपासून निघाल्यास `False` मिळेल. तेच ५ पासून निघाल्यास ४ चा पॅरेंट ५ असतो, त्यामुळे यादीतला दुसरा ३ पकडला जातो आणि `True` येते. जोडलेल्या जाळ्यात सुरुवात बदलल्यावर उत्तर बदलले, तर दोष शीटमध्ये आहे असे समजावे.

वेळापत्रकवाला, आपला ग्राफ दिशा असलेला होता. गणितानंतर भौतिकशास्त्र, दोन्हींनंतर यंत्रशास्त्र, एवढ्यावरही हा कोड `True` देईल, कारण यंत्रशास्त्रावर दुसऱ्या वाटेने पोहोचणे म्हणजे तिथे सायकल नव्हे. तिथे नोड अजून चालू वाटेवर आहे की पूर्ण होऊन गेला, हे वेगळे नोंदवावे लागते. पाइपांच्या प्रश्नात ते लागत नाही.

गोदाकाठचा

परतीच्या वाटेचा मुद्दा माझ्या ध्यानात आला नव्हता. तरीही प्रत्येक पाइपला त्याचा स्वतःचा एकच क्रमांक असणे मला अधिक सुरक्षित वाटते.

बालाघाट

त्याला माझा विरोध नाही. क्रमांक ओळीला नको, पाइपला हवा, एवढेच म्हणणे आहे.

मांजराकाठ

६ नोडांवर `True` आले. मग ३–४ चा दुसरा पाइप माहीतच असल्याने तो वगळून पूर्ण शीट तपासली, तेव्हा टाकीपासून `False` आणि शेवटच्या चेंबरपासून `True` आले, म्हणून ओळी टोकांप्रमाणे जुळवून पाहिल्या. २६ आणि २७ यांच्यामध्ये २७ च्या बाजूने दोन ओळी आहेत, २६ च्या बाजूने एकच आहे. पाणी सोडणारे मामा म्हणतात की तिथे एकच पाइप आहे, आणि सर्वेक्षण करणारा मुलगा म्हणतो की दोन आहेत.

आणखी एक शंका आहे. ३ वरचा व्हॉल्व्ह दोन्ही पाइप वेगळे होण्याच्या आधीच बसवला असेल, तर सायकल असूनही एका व्हॉल्व्हने पाणी बंद होईल ना?

बालाघाट

होईल. आपला खरा प्रश्न सायकल आहे का, हा नसून कोणता व्हॉल्व्ह बंद केल्यावर जाळे तुटते, हा आहे. त्यासाठी व्हॉल्व्हलाच एज धरून नकाशा पुन्हा मांडावा लागेल, आणि तिथे मात्र गोदाकाठचा यांचा एजचा क्रमांक कामी येईल. व्हॉल्व्ह फाट्याच्या आधी आहे की नंतर, याची नोंद शीटमध्ये आहे का?

मांजराकाठ

नाही. उद्या सकाळी मामांना घेऊन ३ आणि २६ ची झाकणे उघडतो आणि इथे कळवतो.