मदत हवी आहे: नॉमिनीने विकलेला फ्लॅट, वारसांच्या सह्या नाहीत

नौपाड्यात रिसेल फ्लॅट बघतोय. बिल्डरसोबतचा 1998 चा नोंदणीकृत करारनामा पहिल्या मालकाच्या एकट्याच्या नावावर आहे. 2011 मध्ये मात्र फ्लॅट विकला त्यांच्या पत्नीने, आणि खरेदीखतात 'पतीच्या निधनानंतर नॉमिनी या नात्याने' एवढंच लिहिलंय. सोसायटीत विचारलं तर दोन मुलं आहेत म्हणे. त्यांची सही नाही, हक्कसोडपत्रही नाही. शेअर सर्टिफिकेटवर पत्नीचं नाव चढलं होतं, पण नॉमिनी म्हणजे मालक नव्हे ना!

शिवाय सर्चमध्ये आताच्या विक्रेत्याच्या तारणाची नोटीस ऑफ इंटिमेशन निघाली. कर्ज फिटलं म्हणतात, पण बँकेचं नो ड्यूज पत्र नाही.

दोन्ही मुलांना आमच्या खरेदीखतात मान्यता देणारे म्हणून घेतलं तर पुरेल, की आधी वेगळं पुष्टीपत्र नोंदवून घ्यावं? टोकन अजून दिलेलं नाही.