मदत हवी आहे: बचत गटाच्या पासबुकांवरून सभासदनिहाय बचत-कर्ज तक्ता

धनकवडीची सूनबाई: सासूबाई आमच्या गल्लीतल्या बचत गटाच्या सचिव आहेत. अकरा जणी, महिना २०० रुपये बचत, एप्रिल २०२३ पासून. बँकेने कर्जाच्या अर्जासोबत मार्च २०२५ अखेरचा तक्ता मागितलाय: कोणाची बचत किती, कर्ज किती, फेडलं किती, बाकी किती. काम अर्थातच माझ्या गळ्यात. अकराही पासबुकं एक्सेलमध्ये जशीच्या तशी उतरवली. रकाने असे: तारीख, बचत, एकूण बचत, कर्ज, परतफेड, शिल्लक कर्ज, सही.

बेरजा मारल्या तर प्रत्येकीची बचत ६०,००० येते! शिवाय ७ नंबरच्या काकूंनी जून २०२४ मध्ये १०,००० घेतले. ऑक्टोबरपर्यंत परतफेड १,२००, १,१८०, १,१६०, १,१४०. माझ्या हिशेबाने बाकी ५,३२०, पासबुकात ६,०००. कोण चुकतंय?

मंदार_कोथरूड: एवढं टाईप कशाला केलंत? बँकेच्या ॲपवरून गटाच्या खात्याचं स्टेटमेंट काढा, तेच द्या.

धनकवडीची सूनबाई: दादा, त्यात बैठकीनंतर भरलेली सगळ्यांची मिळून एकच रक्कम असते. कोणाचे किती, ते तिथे दिसत नाही.

हिशेबी मामा: परतफेडीत व्याज धरलेलं आहे, म्हणून फरक पडतोय. दोन टक्के म्हणजे १०,००० वर महिना २००. चार महिन्यांचे ८०० वजा करा.

जुनी सहयोगिनी: मामा, व्याज आहे हे बरोबर, पण ८०० नाही. हप्ता दर महिन्याला वीस रुपयांनी उतरतोय बघा, म्हणजे व्याज शिल्लक कर्जावर आहे: २००, १८०, १६०, १४०. झाले ६८०. ताईंचा फरकही बरोबर ६८०च आहे. पासबुक बरोबर आहे.

ताई, ६०,००० आले कारण तुम्ही ‘एकूण बचत’चा रकाना बेरजेत घेतलात. २००, ४००, ६०० असे चढत गेलेले २४ आकडे मिळवले की ६०,०००च होतात. खरी बचत ४,८००. ‘एकूण’ आणि ‘शिल्लक’ हे रकाने ताळ्यासाठी ठेवा, बेरजेत कधीच घेऊ नका.

आता ‘नोंदी’ नावाचं एकच पान करा: तारीख, सभासद क्रमांक, प्रकार, रक्कम. एका ओळीत एकच व्यवहार. काकूंच्या जुलैच्या १,२०० च्या दोन ओळी होतील, मुद्दल १,००० आणि व्याज २००. मुद्दल काढायचं तर मागची शिल्लक वजा आताची शिल्लक, उरलेलं व्याज. नावाऐवजी क्रमांकच घाला. आमच्या एका गटात एकच बाई ‘सुनिता’ आणि ‘सुनीता’ अशी दोनदा आली होती. मग तक्त्याच्या पानावर A रकान्यात क्रमांक लिहून:

```
=SUMIFS('नोंदी'!D:D,'नोंदी'!B:B,$A2,'नोंदी'!C:C,"बचत")
```

पुढच्या रकान्यांत "बचत"च्या जागी "कर्ज", "मुद्दल", "व्याज", "दंड". कर्ज वजा मुद्दल म्हणजे बाकी. ती पासबुकातल्या शेवटच्या शिलकीशी जुळली पाहिजे.

धनकवडीची सूनबाई: ताई, बचत ४,८०० आली! पण काकूंचं नोव्हेंबरचं व्याज शून्य निघतंय. त्यांनी ५०० भरलेत आणि शिल्लक ६,००० वरून थेट ५,५०० लिहिलीय.

जुनी सहयोगिनी: नेहमीच्या रीतीने ५०० मधून आधी १२० व्याज, मग ३८० मुद्दल, बाकी ५,६२०. पण बैठकीच्या वहीत व्याज माफीचा ठराव असेल तर ५,५००च बरोबर. परस्पर एक्सेलमध्ये दुरुस्ती करू नका. बँकेत पासबुक आणि तक्ता शेजारी ठेवून बघतात.

शेवटचा ताळा गटाचा: बचत, व्याज, दंड यांची बेरीज, वजा सगळी कर्जबाकी. ही रक्कम बँकेतल्या आणि हातातल्या रोख रकमेएवढी यायला हवी. गटाचा खर्च आणि बँकेने दिलेलं व्याज मात्र वेगळं धरा. आणि या ताळ्यात काकूंची भानगड सापडणार नाही. व्याज १२० ने वाढलं की बाकीही १२० ने वाढते, रोख तेवढीच राहते. ती प्रत्येकीच्या पासबुकातच शोधावी लागते.

हिशेबी मामा: हे खरंय. मी मूळ रकमेवरच धरून बसलो होतो, आमच्या भिशीत तसंच असतं.

धनकवडीची सूनबाई: ठराव नाही. सासूबाई म्हणतात, त्या महिन्यात काकूंच्या घरी मयत झाली होती, सगळ्यांनी तोंडीच ‘राहू दे व्याज’ म्हटलं. आता पाच तारखेच्या बैठकीत विषय ठेवतायत. दोघी-तिघी कुरकुर करणार, हे आत्ताच कळलंय.

ताळा केला: ५२,८०० अधिक ४,३६० अधिक २४० वजा ३१,६२०, म्हणजे २५,७८०. बँकेत आणि पेटीत मिळून २५,४००. फरक ३८०. वह्या-पेनांची २५० ची पावती पेटीच्या तळाशी सापडली. १३० अजून शोधतेय.